सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मिनिटभरात आभार – तुमचे अनुभव लिहा

महापेकर
आमचे स्टोअरचे काका महिनाअखेरीला रिटायर होतायत. शुक्रवारी 4 ला कॅन्टीनमध्ये कार्यक्रम आहे, शाल-श्रीफळ साहेबांच्या हस्ते, समोसे-पेढे ठरलेत आणि डिपार्टमेंटतर्फे आभाराचं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय, तेही मिनिटाच्या आत कारण कंपनीची बस सुटली की ठाण्याचे लोक बोंबलणार. तुम्ही कधी बोललायत का, काय बोललात, लोकांनी ऐकलं का, सगळं लिहा.

ऐरोलीची माई
मी आमच्या ऑफिसात दर निरोपाला सूत्रसंचालन करते त्यामुळे माझं थोडं लांबेल. मिनिटाच्या आत म्हणजे कागदावर 70-80 शब्द धरा, त्याच्या वर जाऊ नका, कारण मध्ये टाळ्या होतात, कोणीतरी हसतं, माईक कुईं करतो. आणि मोठ्याने वाचून मोबाईलवर टाइम लावा, मनातल्या मनात वाचलं की नेहमी कमीच भरतो. "सन्माननीय व्यासपीठ" वगैरे माझ्यासारखीवर सोडा, त्या नावांतच 20 सेकंद जातात. मग एकच प्रसंग घ्यायचा. वाक्यातलं काकांचं नाव काढून शेजारच्या टेबलवाल्याचं टाकून बघा, तरी बसलं तर ते वाक्य उडवा. "मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख" हे आमच्याकडे प्रत्येक जाणाऱ्याला लागलंय, ज्याच्याशी कोणी बोलत नव्हतं त्यालासुद्धा.

तुर्भे नाका
चारोळीने सुरुवात करा, हमखास टाळी. आणि पाठ करून जा, कागद बघून बोललं की मनापासून वाटत नाही.

ऐरोलीची माई
टाळी मिळते हो, पण ती चारोळीला मिळते, काकांना नाही 😄 पाठ करायचं तर फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य करा. मधलं चिठ्ठीवर चार शब्दांत. अख्खं पाठ केलेला माणूस एक शब्द विसरला की छताकडे बघत बसतो, मी समोर उभी राहून पाहिलंय.

कोपरखैरणे से. 5
माझा लास्ट डे पुढच्या आठवड्यात आहे, मी काय बोलू? रिलीव्हिंग लेटर अजून अडकवून ठेवलंय एचआरने, आभार कोणाचे मानू डोंबल.

घणसोली
भाऊ ते इथे जाणाऱ्याला काय बोलायचं विचारतायत, तुमचं उलट आहे. तरी सांगतो, नावांची यादी करू नका, एक नाव राहिलं की तो माणूस गाठून विचारतो. "माझ्या टीमचे" म्हणा आणि बसा. लेटरचं मेलवर लिहून मागा, माईकवर नको.

महापेकर
माईंचं वाचून हे लिहिलं, मोठ्याने वाचलं तर 40 सेकंदांच्या आसपास भरतंय:

"काका, मी नवीन होतो तेव्हा रात्रपाळीत लाइन थांबली होती आणि मी बेअरिंग मागायला आलो. म्हटलं स्लिप सकाळी देतो. तुम्ही म्हणालात, बेअरिंग आत्ता, स्लिपपण आत्ता. स्वतः भरलीत आणि माझी फक्त सही घेतलीत. तेव्हा राग आला होता. पुढे ऑडिटला साहेबांनी तीच स्लिप मागितली. आज आमच्यातला कोणीही स्लिपशिवाय नटसुद्धा उचलत नाही, ती सवय तुमची. डिपार्टमेंटतर्फे तुमचे मनापासून आभार. आणि काकू, रविवारी फोन आला तरी तुम्ही यांना सोडायचात, तुमचेही आभार."

ऐरोलीची माई
झकास. "तेव्हा राग आला होता" तिथे जरा थांबा, लोक हसतील, हसणं ओसरलं की पुढे. काकू येणार आहेत ना ते मात्र आधी विचारून घ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला नको. आणि "आभार" शेवटच्या ओळींतच आले हे बरं, सुरुवातीलाच मानले की लोक समोशाकडे वळतात.

ठाणे पूर्व
ऑडिटचं साहेबांसमोर नको हं. उद्या म्हणतील आधी स्लिपा नव्हत्याच का.

घणसोली
उलट तेच राहू दे, त्याच्याशिवाय काकांनी काय केलं ते कळणारच नाही. फार तर "साहेबांनी" काढ.

तुर्भे नाका
"काका अधूनमधून येत जा" टाका ना शेवटी. एवढं तर पाहिजेच.

ठाणे पूर्व
गेटवर पास काढून बसवतात रिटायर झालेल्याला, कशाला बोलावताय 😅

महापेकर
"साहेबांनी" काढलं, आता "पुढे ऑडिटला तीच स्लिप निघाली" असं केलंय. ऑडिट ठेवायचं का ते अजून ठरत नाहीये, काकांनाच हळूच विचारू का? तेवढं सांगा. आणि समोसे भाषणाआधी वाटायचे की नंतर, कॅन्टीनवाला सारखा विचारतोय.