मदत हवी आहे: मुलाचे पाय सपाट आहेत, कोणते बूट घ्यावेत?

मेघना_र
तातडीने सल्ला हवा आहे. मुलाचे तळपाय अगदी सपाट आहेत. ओल्या पायांनी फरशीवरून चालला की अख्खं पाऊल उमटतं, मधे जराही खाच दिसत नाही. शाळेतल्या तपासणीत 'फ्लॅट फूट, विशेष बूट आवश्यक' असं लिहून दिलं आहे. दुकानात दोन प्रकार दाखवले. एक घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक, दुसरे आतून कमानीच्या जागी उंचवटा असलेले. दोन्हींपैकी कोणते घेऊ? दिवसभर घालायचे की फक्त शाळेत? तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की आधीच उशीर झाला आहे, त्यामुळे दोन दिवसांत ठरवायचं आहे. कृपया नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहू नका.

सुहास_प
मुलाचं वय किती? दुखतं का? दोन्ही पाय सारखेच आहेत का? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवारा
कुठलेच बूट घेऊ नका. अनवाणी चालू द्या, पाय आपोआप सुधारतील. भारतातल्याच दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते, 1992 साली ते छापून आलं. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. बुटांनीच पाय सपाट होतात आणि वर आपण बूटच उपाय म्हणून विकत घेतो.

मधुरा_ज
मेघना, माझं ऐक, वेळ घालवू नकोस. माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत इनसोल घातले, एक दिवस चुकवला नाही. आज तिच्या पायाला छान कमान आहे. लहानपणी हाडं मऊ असतात तेव्हाच वळण लागतं. उंचवटा असलेले घे.

वाटसरू६२
मला सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत असह्य कळ यायची. पायाखाली गोठवलेल्या पाण्याची बाटली घेऊन पाच मिनिटं फिरवली आणि पोटऱ्या ताणल्या, तीन महिन्यांत बराच आराम पडला. तुम्हीही करून पाहा.

सुहास_प
काका, प्रश्न लहान मुलाचा आहे, टाचदुखीचा नाही.

मेघना_र
वय 4 वर्षं 7 महिने. दोन्ही पाय सपाट. दुखत नाही, दिवसभर पळतो, जिने चढतो. उभा राहिला की मागून पाहताना टाचा बाहेर झुकलेल्या आणि घोटे आत आलेले दिसतात. बुटांचे तळ आतल्या बाजूने आधी झिजतात. आता सांगा, कोणते बूट?

अनघा_फिजिओ
मेघनाताई, मी लहान मुलांच्या हाडा-स्नायूंच्या तक्रारींवरच काम करते. बुटांचं नंतर पाहू. आधी आज घरी चार गोष्टी करून पाहा, दहा मिनिटं लागतील.

त्याला चवड्यांवर उभा करा, उंचावरचं खेळणं घ्यायला लावा म्हणजे नीट उंच होईल. तुम्ही मागे बसून टाचांकडे बघा. चवड्यावर उचलला जाताना बाहेर झुकलेली टाच आत वळते का? आतल्या बाजूला कमान उमटते का?

मग खुर्चीवर पाय लोंबकळत बसवा. जमिनीचा भार नसताना कमान दिसते का ते पाहा.

पुन्हा सरळ उभा करून पायाचा अंगठा हलकेच वर उचला. अंगठा वर जाताना कमान वर यायला हवी.

चौथी पोटरीची, आणि ही लोक नेहमी चुकीची करतात. त्याला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरून जराशी आत वळवा आणि मग पाऊल नडगीकडे आणा. टाच आत वळवली नाही तर पाऊल मधूनच दुमडतं आणि घट्ट पोटरीसुद्धा सैल वाटते. काटकोनाच्या बरंच पुढे आलं तर चांगलं. काटकोनातच अडलं तर लिहा.

आणि रात्री पाय दुखतात का, घरात कुणाचे पाय असे आहेत का, बोटं-कोपरं मागे जास्त वळतात का, तेही कळवा.

मधुरा_ज
अनघा, एवढ्या तपासण्या कशाला? माझ्या मुलीची कमान इनसोलने आली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अनघा_फिजिओ
कमान आली हे खरं आहे, मधुराताई. पण तीन ते सहा हेच ते वय, ज्यात ती बहुतेकांना येते. ऑस्ट्रियात 3 ते 6 वयाच्या 835 मुलांचे पाय मोजले. तीन वर्षांच्यांपैकी 54 टक्के सपाट होते, सहा वर्षांच्यांपैकी 24 टक्के. बाळाच्या पायात कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. गादी विरते, अस्थिबंध आवळतात, कमान उघडी पडते. आठ-दहा वर्षांपर्यंत हे चालू असतं.

इनसोल नसते तर काय झालं असतं, हे एका मुलीवरून कळत नाही. म्हणून 1989 साली छापलेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. 1 ते 6 वयाची 129 मुलं चार गटांत वाटली. एका गटाला काहीच उपचार नाही, एकाला खास बूट, दोघांना बुटात वेगवेगळे साचे. तीन वर्षं सांभाळून 98 मुलं शेवटपर्यंत टिकली. एक्स-रे मोजले तेव्हा चारही गटांतले पाय सुधारले होते आणि साधे बूट घालणारा गट कुणाच्या मागे नव्हता. तुमच्या मुलीला इनसोलने अपाय झाला असं मी म्हणत नाही, श्रेय मात्र वाढीचं आहे.

मधुरा_ज
पटत नाही. 98 म्हणजे काही फार मुलं नव्हेत. आणि तिची चालही सुधारली, एक्स-रे चाल मोजत नाही.

अनघा_फिजिओ
संख्या मोठी नाही, मान्य. पण कमान 'घडवण्याचा' दावा करणाऱ्या बुटांच्या बाजूने याहून भक्कम असं काही मला अजून दिसलेलं नाही.

रानवारा, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. मात्र त्या अभ्यासात मुलांना अनवाणी ठेवून पाय सुधारले नव्हते, आधीच वेगवेगळी वाढलेली मुलं एकदा मोजली होती. लहान वयात पाय मोकळे राहिले तर कमान बनायला मदत होत असावी, एवढं मीही मानते. मुलगा घरात अनवाणी खेळला तर छानच. पण अनवाणी चालणं हा 'उपचार' म्हणून सांगायचा झाला तर तसा पुरावा नाही.

रानवारा
म्हणजे निदान बुटांपेक्षा माझं म्हणणं बरं निघालं.

मेघना_र
केलं सगळं. चवड्यांवर उभा राहिला तेव्हा खरंच कमान दिसली, मला धक्काच बसला, कारण आजवर मी त्याला फक्त उभा असताना पाहिलं होतं. उजवी टाच पटकन आत वळली, डावी जरा उशिरा. लोंबकळत्या पायांत कमान आहे. अंगठा उचलल्यावर वर येते. पाऊल काटकोनाच्या बऱ्यापैकी पुढे येतं, दोन्ही सारखंच. त्याच्या बाबांचे पायही सपाट आहेत आणि ते रोज धावायला जातात. बोटं खूप मागे वळतात.

आणि हो, आठवड्यातून एखाद्या रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडतो. चोळल्यावर झोपतो. हे पायांशी संबंधित नाही वाटलं म्हणून लिहिलं नव्हतं.

सुहास_प
'दुखत नाही' असं लिहिलं होतं तुम्ही! म्हणूनच पहिल्यांदा विचारलं होतं.

अनघा_फिजिओ
लवचीक सपाट पाय आहेत. भार पडला की सैल अस्थिबंधांमुळे कमान बसते, भार काढला की परत येते. या वयात बऱ्याच मुलांचे असेच असतात, बाबांकडूनही आले असतील. उशीर झालेला नाही, कारण चुकवायची अशी कुठली वेळ इथे नव्हतीच. दोन्ही प्रकार घेऊ नका. पुढे बोटांना जागा असलेले, चवड्यापाशी सहज वाकणारे, नीट बसणारे साधे बूट पुरतात. आतल्या बाजूची झीज टाच झुकण्यामुळे होते, ती थांबवायला कडक बूट लागत नाहीत.

रात्रीच्या दुखण्याबद्दल: दोन्ही पोटऱ्यांत, संध्याकाळी किंवा रात्री, चोळल्यावर शमतं आणि सकाळी पुन्हा पळतो, असं असेल तर ते वाढत्या वयातलं नेहमीचं दुखणं. नेहमी एकाच पायात, एकाच जागी, सकाळीही राहणारं, लंगडायला लावणारं किंवा सूज-तापासोबत येणारं असेल तर ते सपाट पायावर ढकलू नका, लगेच दाखवा.

देवदत्त_क
अनघाताईंच्या लवचीक या शब्दावर जोर द्यावासा वाटतो. माझा मुलगा 11 वर्षांचा होता. त्यालाही 'फ्लॅट फूट' म्हणून इनसोल दिले, वर्षभर घालायला लावले. तो म्हणायचा, 'बाबा, आतला उंचवटा टोचतो,' मी म्हणायचो, सवय होईल. त्या वर्षात उजवा घोटा चारदा मुरगळला. शेवटी एका डॉक्टरांनी चवड्यावर उभं केलं. डाव्या पायाला कमान आली, उजव्याला आली नाही, टाचही वळली नाही. सीटी स्कॅनमध्ये पावलातली दोन हाडं जन्मापासून जोडलेली निघाली. ते वर्ष मी त्याचं ऐकलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

अनघा_फिजिओ
देवदत्तदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. असे पाय लहानपणी बरेचदा दुखत नाहीत. आठ-दहाच्या पुढे तो जोड कडक होत जातो तेव्हा तक्रार सुरू होते. ताठर पायाला खालून उंचवटा लावला की तो वळत नाही, नुसता दाबला जातो. पोटरी फार घट्ट असेल तरी हेच होतं, कडक उंचवटा पावलाच्या आतल्या बाजूला टोचतो. तिथे आधी ताण देऊन पोटरी सैल करायची.

सुहास_प
मग इनसोल कधीच नाहीत?

अनघा_फिजिओ
तसं नाही. थोड्या मोठ्या मुलाला लवचीक पाय असूनही खेळल्यावर पावलाच्या आतल्या बाजूला दुखतं, पाय थकतात म्हणून तो खेळ सोडतो, अशा वेळी तयार मिळणारा मऊ इनसोल मी सुचवते. तो घातला असताना दुखणं कमी होतं, काढला की पाय पूर्वीसारखाच. एक-दोन महिन्यांत फरक नसेल तर बंद करायचा. स्नायूंचा किंवा नसांचा आजार असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांना आधार लागू शकतो.

वाटसरू६२
माझ्या टाचेला असा मऊ इनसोल चालेल का?

मेघना_र
अनघाताई, बूट घेत नाही. शाळेला काय लिहून देऊ ते बघते. पण डावी टाच उशिरा वळली त्याचं काय? देवदत्तदादांचं वाचून झोप लागणार नाही.

अनघा_फिजिओ
बहुधा त्याने भार उजव्या पायावर जास्त घेतला असेल. उद्या दोन्ही हात भिंतीला टेकवून चवड्यांवर उभा करा, चार-पाचदा करवा, मागून मोबाईलवर व्हिडिओ घ्या. शिवाय झोपलेला असताना टाच हातात धरून आत-बाहेर हलवून पाहा, दोन्ही पायांची सारखीच हलायला हवी. डावी दर वेळी मागे राहिली किंवा कमी हलली तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. सारखी असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच करा.

मेघना_र
आत्ताच झोपला आहे. टाचा हलवून पाहिल्या, दोन्ही सारख्याच हलतात. चवड्यांचा व्हिडिओ सकाळी घेते आणि इथे सांगते.