अनुभव धागा: फिजिओच्या रेझ्युमेत ‘पेशंट किती’ हे कसं लिहिलंत?

मीरा: ऑर्थो क्लिनिकमधून हॉस्पिटलच्या न्यूरो विभागात अर्ज करतेय. रेझ्युमेत ‘रोज 30 पेशंट’ असं लिहिलंय. मैत्रीण म्हणते, हे काढून टाक. तुमचे अनुभव सांगा.

रोहन: अजिबात काढू नकोस. मला खाजगी क्लिनिकमध्ये आकड्यावरच घेतलं. जितका मोठा, तितका बरा.

वैशालीताई: रोहन, क्लिनिकपुरतं खरं आहे तुझं. पण मी हॉस्पिटलसाठी अर्ज चाळते. 30 वाचलं की मी लगेच भागाकार करते. आठ तासांत प्रत्येकी 16 मिनिटं, त्यातच नोट्स. म्हणजे तिघं एकाच वेळी मशिनवर होते का? मुलाखतीत पहिला प्रश्न हाच.

मीरा, आकडा ठेव, पण फोडून लिही. समजा, दिवसाला तीन नवीन तपासण्या, दहा फॉलोअप, बाकीचे गटव्यायामाला. पुढे केसेस कसल्या होत्या ते: गुडघा बदललेले, कंबरदुखी, खांदा. न्यूरोसाठी अर्ज आहे, तर पक्षाघाताच्या केसेस थोड्या असल्या तरी वर आण. ‘पक्षाघात पुनर्वसन, आठवड्याला चार रुग्ण, बर्ग बॅलन्स स्केलवर सुरुवातीची व शेवटची नोंद’ एवढी एक ओळ मला तीस पेशंटपेक्षा जास्त सांगते.

इंटर्न_बाळ्या: माझी अजून इंटर्नशिपच चालू आहे हो, पेशंट आणू कुठून?

वैशालीताई: आणायचे कशाला? पोस्टिंग लिही: आयसीयू, ऑर्थो वॉर्ड, बालरोग, प्रत्येकी किती आठवडे आणि कुणाच्या देखरेखीखाली. आयसीयूत छातीची फिजिओ स्वतः केलीस की नुसती पाहिलीस, तेही.

सुनीता: माझं दुखणं वेगळंच. पदवीवर माहेरचं नाव, नोंदणीवर सासरचं. अर्ज अडकला आणि खुलासा करण्यात दोन आठवडे गेले. आता नोंदणी क्रमांकाच्या शेजारी परिषदेचं नाव, मुदत कधीपर्यंत आणि ‘पदवीवरील नाव’ अशी एक ओळ पहिल्याच पानावर असते.

रोहन: बरं, स्पेशलायझेशनचं काय? ड्राय नीडलिंग, टेपिंग, कपिंग, सगळं टाकलंय मी.

वैशालीताई: दोन दिवसांचा कोर्स ‘प्रशिक्षण’मध्ये टाक. स्पेशलायझेशनखाली पदव्युत्तर विषय लिही, नाहीतर ज्यात वर्षानुवर्षं केसेस हाताळल्यास ते. आणि ड्राय नीडलिंग सगळीकडे फिजिओच्या कक्षेत येत नाही, जिथे अर्ज करतोयस तिथला नियम बघ.

अद्वैत: मी वर्षानुवर्षं खेळाडूच पाहतोय, पदव्युत्तर मात्र कार्डिओमध्ये. मग स्पेशलायझेशन कुठलं?

सुनीता: आमच्याकडे पदवीच बघतात.

वैशालीताई: मी दोन्ही लिहिलेलं वाचते. पण आधी कुठलं, यावर आमच्याच पॅनेलवर एकमत नाही.

मीरा: आकडा फोडून लिहिला. दिवसाचे 13 स्वतंत्र, बाकी गट. पक्षाघाताच्या जुन्या केसेसच्या बर्गच्या नोंदी आता क्लिनिककडून मिळतात का ते बघते.

वैशालीताई: रेझ्युमेला फक्त आकडे घे. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको.