विमा कंपनीच्या ईमेलला उत्तर: हातातली कागदपत्रं आत्ता पाठवू की सगळी जमल्यावर?

सायली_व: बाबांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम टाकलाय. काल कंपनीचा ईमेल आला: पाच कागद कमी आहेत, 7 दिवसांत द्या. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. स्टेंटचा स्टिकर आणि इनडोअर केस पेपर हॉस्पिटलकडून यायचेत, रेकॉर्ड विभाग 10 दिवस लागतील म्हणतो. मी लिहिलंय, "उपलब्ध कागदपत्रे जोडली आहेत, उर्वरित लवकरच पाठवते." चालेल का? बाबा रोज विचारतात, चूक व्हायला नको.

जुनं_जातं: सगळं जमल्याशिवाय पाठवू नका. अर्धवट पाठवलं की आहे त्यावरच फाइल बंद करतात.

टेबलपलीकडून: मी क्लेम तपासायचं काम करायचो. फाइल बंद होते हे खरं, पण ती मुदतीत काहीच न आल्यानेही होते. त्यामुळे आजच पाठवा आणि त्यातच मुदतवाढ मागा. अडचण "लवकरच" या शब्दाची आहे. तपासणाऱ्याला तारीख हवी असते, ती नसली की तो पुन्हा तेच पत्र पाठवतो. त्यांच्याच ईमेलला रिप्लाय करा, विषयातला क्लेम नंबर तसाच ठेवा आणि त्यांच्याच क्रमाने लिहा:

"1. डिस्चार्ज समरी: जोडली आहे, 3 पानं, सही-शिक्क्यासह.
2. तपशीलवार बिल: जोडलं आहे, 6 पानं.
3. पावत्या: जोडल्या आहेत, 2.
4. स्टेंटचा स्टिकर: प्रलंबित.
5. केस पेपर: प्रलंबित.
4 आणि 5 साठी हॉस्पिटलकडे काल लेखी अर्ज दिला, पोच जोडली आहे. कागद 10 दिवसांत मिळतील असं त्यांनी सांगितलं आहे. कृपया आजपासून 15 दिवसांची मुदत द्यावी आणि हा ईमेल मिळाल्याचं कळवावं."

अर्ज तोंडी केला असेल तर आधी लेखी द्या. पाठवण्यापूर्वी पावत्यांची बेरीज बिलाशी ताडून पाहा.

रानवाट: माझ्या गाडीच्या क्लेमला सर्व्हेअरच आला नाही दोन आठवडे. त्यालाही असंच लिहू का?

टेबलपलीकडून: तुमच्याकडे कागद नाही, माणूस अडलाय. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सायली_व: बरं झालं बेरीज केली! दोन पावत्या बिलापेक्षा कमी भरत होत्या. दाखल केलं त्या रात्रीच्या अॅडव्हान्सची पावती दादाच्या पाकिटात चार घड्या घालून पडलेली. आता "पावत्या: 3" लिहिलंय. पण हॉस्पिटल म्हणतं, स्टिकर केस पेपरवरच चिकटवलेला आहे, सुटा मिळणार नाही.

जुनं_जातं: आमच्या वेळी त्या पानाची शिक्का मारलेली प्रत चालली होती.

टेबलपलीकडून: बहुतेक चालते, पण काही जण स्टेंटचं इन्व्हॉइसही मागतात. चौथ्या ओळीत तसं लिहून विचारा. स्टिकरवरचा सिरियल नंबर प्रतीत वाचता आला पाहिजे, पान रंगीत स्कॅन करून घ्या.

सायली_व: पाठवला. पोच अजून आलेली नाही, उद्या फोन करते.