जुना नंबर दुसऱ्याला गेला, मग त्यावरची खाती कोणाची?

गेवराईकर:
माझा थोरला भाऊ आणि वहिनी मागच्या दिवाळीला ऊसतोडीला गेले. तिकडे असताना भावाच्या नंबरचं रिचार्ज संपलं ते संपलंच. दोघांत वहिनीचा एक फोन पुरायचा. गावी आल्यावरही त्याचा हँडसेट वहिनीच्या हॉटस्पॉटवर चालायचा, व्हॉट्सॲपही चालायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पोळ्याच्या सुमारास व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडलं. गावच्या ग्रुपात त्याच्या नंबरवर अनोळखी माणसाचा फोटो दिसू लागला. चार दिवसांनी फेसबुकचा पासवर्डही बदलला. नंबर आता जालन्याकडच्या कोणाकडे आहे. माझं म्हणणं असं, की कंपनीने नंबर विकताना त्याच्यावरची खाती आधी बंद करायला पाहिजेत. यात भावाची काय चूक? तुम्हाला काय वाटतं?

माजलगाव_मोबाईलवाला:
दुकानात रोज हेच ऐकतो, म्हणून स्पष्ट बोलतो. नंबर आपल्या मालकीचा नसतो, वापरायला मिळालेला असतो. ट्रायचा नियम आहे, की 90 दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. मुख्य बॅलन्समध्ये 20 रुपये असतील तर तेही करता येत नाही, ते कापून मुदत वाढवून द्यावी लागते. बंद झाल्यावरही तोच नंबर परत मागायला 15 दिवस मिळतात. इतकी सवलत असून माणूस दुकानात येत नाही. मग चूक कंपनीची कशी?

कोयता_आणि_मुकादम:
भाऊ, फडावर जाऊन बघा एकदा. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणाऱ्या माणसाला 'मुख्य बॅलन्स' काय सांगता? पॅक मारला की तो पॅकच असतो, त्यातून 20 रुपये शिल्लक उरत नाहीत. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि नियम 90 दिवसांचा. ज्याने हा आकडा ठरवला त्याने आमच्या बीड जिल्ह्याकडे बघितलं नाही. निदान एक वर्ष तरी नंबर राखून ठेवायला पाहिजे. उचल घेतलेला माणूस आधी मुकादमाचे पैसे फेडील का न वापरायच्या सिमवर पैसे घालील?

लातूर_वाचक:
एवढं घाबरायचं कारण नाही. नंबर बंद झाला की 90 दिवस कोणालाच देत नाहीत. तेवढ्यात बँक, आधार, व्हॉट्सॲप सगळीकडून तो आपोआप निघतो. सरकारने त्यासाठी यादीच केली आहे. सुप्रीम कोर्टातही 2023 मध्ये हा विषय निकाली निघाला.

गोदाकाठ:
लातूरकर, अर्धी गोष्ट बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यातच गेवराईकरांचा भाऊ अडकला आहे. मी बँकेच्या तांत्रिक विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखा लावू. दिवाळीच्या आसपास 28 दिवसांचा शेवटचा पॅक मारला असं धरू. तो संपल्यावर वापर नसल्याचे 90 दिवस, मग नंबर बंद, मग नवीन माणसाला देण्यापूर्वी किमान 90 दिवस. म्हणजे लवकरात लवकर मे अखेर उजाडते. पोळ्याला तो जालन्यात निघाला, यात नियमाबाहेर काही घडलेलं दिसत नाही.

पण त्या 90 दिवसांत खाती निघून जातात, हा समज चुकीचा आहे. नंबर नुसता पडून राहतो. खातं ज्या कंपनीकडे आहे तिला नंबर बंद झाल्याचं कोणी कळवत नाही. कोर्टाने 2023 मध्ये ती याचिका निकाली काढली तेव्हाही हेच म्हटलं, की आपला जुना डेटा जाऊ नये यासाठी ग्राहकानेच खातं काढून टाकावं.

यादी खरी आहे. बंद केलेल्या नंबरांची ती यादी दूरसंचार विभागाच्या डिजिटल इंटेलिजन्स प्लॅटफॉर्मवर असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना ती वापरून आपल्या नोंदी स्वच्छ ठेवायला सांगितलं आणि यूपीआयचं काम बघणाऱ्या एनपीसीआयने यूपीआय चालवणाऱ्यांनाही आठवड्यातून एकदा तरी नोंदी ताज्या करायला लावलं आहे. पण हे बंधन बँका आणि यूपीआयपुरतं आहे. फेसबुकला किंवा कपडे विकणाऱ्या ॲपला रिझर्व्ह बँक काय सांगणार?

आता व्हॉट्सॲप. जुन्या गप्पा नवीन माणसाला दिसत नाहीत, कारण त्या फोनमध्ये असतात. खातं 45 दिवस वापरात नसेल आणि मग दुसऱ्या फोनवर सुरू झालं, तर व्हॉट्सॲप नंबर दुसऱ्याला गेला असं समजतं आणि जुना फोटो वगैरे काढून टाकतं. इथे भाऊ तर हॉटस्पॉटवर खातं रोज वापरत होता. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या नजरेला एकाच माणसाने फोन बदलल्यासारखं दिसलं. म्हणून जालन्याचा माणूस गावच्या ग्रुपातही तसाच राहिला.

फेसबुकचं सोपं आहे. 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की कोड नंबरवर जातो. सिम ज्याच्या हातात, खातं त्याच्या हातात.

नांदेडची_लेक:
तुम्ही सगळे जालन्याच्या माणसाला चोर ठरवून बोलताय. मी त्याच्या जागी आहे. दुकानातून नवीन सिम घेतलं, आधार दिलं, पैसे दिले. पहिल्याच आठवड्यात वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, कुठल्याशा काकांच्या कर्जाचे. शिव्या मी खाल्ल्या. खरेदीच्या एका ॲपवर माझं खातं काढायला गेले, नंबर टाकला, ओटीपी टाकला, तर थेट त्या काकांचं खाते उघडलं. त्यांचा पत्ता, मागवलेल्या वस्तू, सगळं. पासवर्ड विचारलाच नाही. मी काय गुन्हा केला? मला माझ्याच नंबरवर माझं खातं काढता येत नाही, हा अन्याय कोणाला दिसत नाही.

गेवराईकर:
ताई, तुमचं खरं आहे. पण तुम्ही खातं बघून बाहेर पडलात, आमच्याकडे पासवर्ड बदलला. हा फरक मोठा आहे की नाही?

गोदाकाठ:
आहे, आणि कायद्यालाही तो दिसतो. चुकून खातं उघडणं वेगळं. दुसऱ्याचं आहे हे कळूनही ते वापरलं, त्याच्या नावाने बोललं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66क लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हेतू अप्रामाणिक होता हे दाखवावं लागतं. जालन्याचा माणूस म्हणेल, की ॲपनेच पासवर्ड बदलायला सांगितलं. हे इतकं सरळ नाही.

नांदेडच्या ताईंचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ॲपवाल्यांनी नंबरलाच माणूस मानलं, सगळं तिथून सुरू होतं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचे, नवीन ग्राहकांना देण्यासाठी ठेवलेले 259 नंबर तपासले. त्यातले 171 नंबर कोणाच्या ना कोणाच्या चालू खात्याला जोडलेले निघाले. तिथे ऊसतोडही नाही आणि फडही नाही. म्हणून मुदत 90 दिवसांची एक वर्ष केली तरी फार फरक पडेल असं मला वाटत नाही. नंबर वर्षाने दिला तरी फेसबुकला तो भावाचाच वाटणार.

कोयता_आणि_मुकादम:
फेसबुकला वाटू द्या. एक वर्ष असतं तर माणूस हंगाम संपवून गावी येऊन तोच नंबर चालू करू शकला असता, हे का विसरता? तुमचा इलाज कंपन्या करतील तेव्हा करतील, मुदत वाढवणं एका आदेशाचं काम आहे.

माजलगाव_मोबाईलवाला:
आणि नंबर कुठून आणायचे? दहा आकड्यांतच सगळं बसवायचं आहे. बंद नंबर वर्षभर अडवून ठेवले तर नवीन ग्राहकाला काय देणार?

परभणी_पेन्शनर:
माझं सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं दुसरं घेतलं. आता बँकेचा ओटीपी कालपासून येत नाही. म्हणजे माझाही नंबर कोणाला दिला का? बँकेत पेन्शन आहे, झोप उडाली.

गोदाकाठ:
नाही काका, तुमचा नंबर तुमचाच आहे. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवतात, चोराने तुमच्या नावावर सिम काढलं असेल तर तुम्हाला कळायला वेळ मिळावा म्हणून. उद्यापर्यंत थांबा, नाही आला तर शाखेत जा.

बीडची_वहिनी:
पैशाचं कोणी बोलत नाही. बँकेचे मेसेज दुसऱ्याकडे जातात म्हणजे पैसेही जातील का? आणि माझ्या लाडकी बहीणच्या केवायसीला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागला, तो त्या जुन्या नंबरवरच जातोय. त्या माणसाला फोन करून ओटीपी मागावा का?

गोदाकाठ:
वहिनी, ओटीपी मागू नका. माणूस भला असला तरी आधारचा ओटीपी फोनवर इकडून तिकडे फिरवायची सवय लागणं वाईट. भावाने स्वतः आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन नवीन नंबर लावावा. त्याला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. तो नोंदला गेला की केवायसी करा.

पैसे लगेच जात नाहीत. नवीन माणसाने यूपीआय ॲप टाकलं तर त्या नंबरला जोडलेली बँक आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसू शकतात. पण नवीन पिन टाकायला डेबिट कार्डवरचे आकडे किंवा आधार लागतं. मला जास्त काळजी शिल्लक रकमेची वाटते. बऱ्याच बँकांत नोंदलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल दिला की शिलकीचा मेसेज येतो, ना पिन, ना पासवर्ड. खात्यात किती आहे हे कळलेला भामटा मग बँकेच्या नावाने फोन करतो. तेव्हा पासबुक आणि आधार घेऊन आधी शाखेत जा, नंबर बदलण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मुकादमाला किंवा पाहुण्यांना जुन्या नंबरवर पैसे पाठवू नका असंही सांगा. पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गेवराईकर:
भावाचं व्हॉट्सॲप बाहेर पडायच्या आधी काही करता आलं असतं का? माझ्या चुलतभावाचंही सिम बंद आहे आणि व्हॉट्सॲप वायफायवर चालू आहे, म्हणून विचारतो.

गोदाकाठ:
हो, आणि त्याने आजच करावं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'नंबर बदला' आहे. फोनवर जुनं खातं उघडं असेल तर जुन्या सिमवर एसएमएस यायची गरज नाही, कोड नवीन नंबरवर येतो. ग्रुप, फोटो सगळं नवीन नंबरवर जातं. तसंच फेसबुक उघडं असताना त्यातून जुना नंबर काढून ईमेल आणि नवीन नंबर घालावा. एकदा दुसऱ्या फोनवर कोड टाकला गेला की ही वाट बंद.

लातूर_वाचक:
व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला तरी भागतं ना? मग कोणी घुसूच शकत नाही.

गोदाकाठ:
पिन जरूर लावा. पण नंबर दुसऱ्याकडे गेला असेल तर तो सात दिवस थांबवतो, कायमचा नाही. सात दिवसांनी नवीन माणूस पिन नव्याने ठरवून खातं सुरू करू शकतो. टेलिग्रामला पासवर्ड लावणं त्याहून गरजेचं, कारण तिथे जुने संदेश फोनमध्ये नाहीत, कंपनीकडे असतात. पासवर्ड नसेल आणि कोड मिळाला तर नवीन माणसाला ते वाचता येतात.

नांदेडची_लेक:
आणि माझं काय? त्या काकांचं खाते मी काढून टाकू का ठेवू?

गोदाकाठ:
काढू नका, ते त्यांचं आहे. ॲपच्या मदत केंद्राला लिहा की हा नंबर आता माझा आहे, जुन्या खात्यावरून काढा. किती दिवसांत करतील हे मी सांगू शकत नाही. वसुलीवाल्यांनाही लेखी कळवा आणि ती प्रत जपून ठेवा.

माजलगाव_मोबाईलवाला:
माझं मत अजून तेच आहे, नंबर सोडताना ग्राहकाने स्वतः बघावं. पण नवीन सिम देताना 'हा नंबर आधी कोणाकडे तरी होता' एवढं सांगायची सोय दुकानदाराला असायला हवी, हे मला पटलं. आज मला ते स्क्रीनवर दिसत नाही.

गेवराईकर:
काल facebook.com/hacked वर भावाचं खातं परत मागितलं. ओळखपत्र मागितलंय. अडचण अशी, की खात्यावर त्याने नाव 'गेवराईचा वाघ' ठेवलं होतं आणि आधारवर वेगळं आहे. अशा वेळी कोणाला खातं परत मिळालंय का?