इन, ऑन, ॲट: लॉजिक आहे की नुसतं पाठांतर?

सातवीची आई: मुलीने 'आय ॲम ऑन द स्टेशन' लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली. मराठीत आपण स्टेशनवरच म्हणतो, मग ऑन का चुकलं? यामागे काही लॉजिक आहे का?

पाठांतरवाला: काही लॉजिक नाही, पाठच करा. कारमध्ये इन आणि बसमध्ये ऑन, दोन्हीत माणूस आतच बसतो ना? सांगा बघू कारण.

जुना मास्तर: कारण आहे. जिथे उभं राहून चालता-फिरता येतं तिथे ऑन, म्हणून बस, ट्रेन, विमान, जहाज. कारमध्ये, रिक्षात आपण नुसते आत शिरून बसतो, म्हणून इन. आणि ताई, 'वर' म्हणजे ऑन हे समीकरणच डोक्यातून काढा. त्यापेक्षा आपलं 'घरी' आणि 'घरात' बघा. 'मी घरी आहे' म्हणजे कुठे सापडेन ते सांगितलं, मग मी अंगणात असेन नाहीतर ओट्यावर, ते ॲट. 'घरात ये, ऊन लागेल' म्हटलं की चार भिंतींच्या आत, ते इन. 'घरावर कौलं' हे ऑन. तसंच दादरचं घ्या, तुम्ही ॲट दादर स्टेशन असता, गाडीची वाट ऑन द प्लॅटफॉर्म बघता कारण पाय त्या फरशीवर टेकलेत, आणि पाऊस आला की इन द वेटिंग रूम जाता. माणूस त्याच स्टेशनात आहे, बघायची नजर बदलली.

पुणे५२: सोप्पंय, मोठी जागा असेल तर इन, छोटी असेल तर ॲट. पुणे इन, स्टेशन ॲट.

जुना मास्तर: बरेचदा चालतं, पण 'द ट्रेन स्टॉप्स ॲट पुणे' हे बरोबर आहे. शहर तेवढंच मोठं आहे, पण गाडीच्या रस्त्यावर तो एक ठिपका झाला. म्हणजे आकार किती यापेक्षा बोलणारा त्याला ठिपका समजतोय की पसरलेली जागा, ते महत्त्वाचं.

ऑफिसातून: माझं वेगळंच, मी क्लायंटला 'मीटिंग ऑन ५ पीएम' लिहिलं आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, अजून लागतं ते मनाला.

जुना मास्तर: वेळेलाही तेच लावा. घड्याळातला क्षण ॲट, अख्खा दिवस ऑन, महिना-वर्ष इन. म्हणून ॲट ५, ऑन मंडे, इन ऑगस्ट. सकाळ एरवी इन द मॉर्निंग, पण तिला वार चिकटला की दिवसाचं ऑन येतं, ऑन मंडे मॉर्निंग.

पाठांतरवाला: आणि रात्र? इन द मॉर्निंग, इन द इव्हनिंग, मग ॲट नाइट का? शिवाय ब्रिटिश ॲट द वीकेंड म्हणतात, अमेरिकन ऑन. एकच लॉजिक असतं तर दोघांचं एकच झालं असतं.

जुना मास्तर: वीकेंडचं मान्य, ती सवय. रात्रीचं अर्धंच मान्य. 'आय वोक अप इन द नाइट' म्हणतातच, कारण तिथे मधेच कधीतरी जाग आली. एरवी ॲट का, याचं मला पटेल असं कारण अजून सापडलेलं नाही.

सातवीची आई: घरी आणि घरात तिला लगेच कळलं. आता विचारतेय, 'शाळेत' ॲट की इन?

पुणे५२: इन, मोठी आहे ना.

जुना मास्तर: दोन्ही चालतात. आत्ता तिथे गेलीय हे सांगायचं तर मी ॲट लिहीन.