मॅडमना मेल कसा लिहू?

«ताप आलाय, शुक्रवारी मार्केटिंगची असाइनमेंट द्यायचीय. मुदत वाढवून मागायला मॅडमना काय लिहू?»

इतरांनी वर सुचवलेल्या मेलमध्ये आजाराचं वर्णनच फार झालंय. उलट्या किती झाल्या हे मॅडमना नकोच असतं. त्यांना हवं असतं ते काम कुठवर आलंय आणि नवी तारीख कोणती. आजच, म्हणजे मुदत संपायच्या आत, पाठव:

विषय: एसवायबीबीए, रोल नं. ४१: मार्केटिंग असाइनमेंटसाठी मुदतवाढ

आदरणीय मॅडम,
मंगळवारपासून मला ताप आहे. डॉक्टरांनी शनिवारपर्यंत विश्रांती सांगितली आहे; चिठ्ठी जोडली आहे. सेगमेंटेशन आणि टार्गेटिंग लिहून झालं आहे, तेही सोबत पाठवत आहे. दुकानदारांशी बोलणं राहिल्यामुळे पोझिशनिंगचा भाग बाकी आहे. पूर्ण फाइल बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत दिली तर चालेल का?

‘थोडे दिवस द्या’ म्हटलंस तर तारीख त्यांना ठरवावी लागते आणि मेल तसाच पडून राहतो. बुधवार यासाठी, की बरं झाल्यावर दुकानं फिरायला सोमवार-मंगळवार हाताशी राहतात. अर्धवट फाइल मात्र जोडच, चिठ्ठीपेक्षा तिचं वजन जास्त. गटाची असाइनमेंट असेल तर बाकीच्यांना आधी विचार आणि मेलमध्ये त्यांनाही सीसी कर.