अनुभव धागा: तापाचे ड्रॉप्स की सिरप? बाटली बदलली आणि मापाचा घोळ झाला, असं कुणाचं झालंय का?

अबोली_नाशिक
काल भाचीकडे गेले होते. तिच्या बाळाला साडेतीन महिन्यांची लस दिली होती, अंग गरम होतं. फ्रीजच्या दारात तापाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी. एक छोटी, ड्रॉपरवाली. दुसरी मोठी, टोपणवाली. रंग तोच, खोक्यावर फळ तेच, नावही तेच. बघितलं आणि पोटात गोळा आला.

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या याच लसीच्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, पॅरासिटामॉल ड्रॉप्स ०.८ मिली. वजन तेव्हा सहा किलो. दुकानात ड्रॉप्स संपले होते, त्यांनी सिरप दिलं, म्हणाले औषध तेच आहे. आणि औषध खरंच तेच होतं. मी आधीच्या बाटलीचा ड्रॉपर धुऊन घेतला आणि मोजून ०.८ मिली पाजलं. रात्रभर १०२ च्या खाली ताप आला नाही. पोर कण्हत होतं, मी पट्ट्या बदलत होते. सकाळी डॉक्टरांनी बाटली मागितली आणि दाखवलं: ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम, या सिरपच्या पाच मिलीत १२०. म्हणजे ०.८ मिलीत जेमतेम १९. लागत होतं ८० आणि मी जवळजवळ पाणीच पाजत होते. मग त्यांनी साडेतीन मिली लिहून दिलं.

खरा घोळ पुढे झाला. दीड महिन्याने सर्दीताप आला. या वेळी ह्यांनी दुकानातून ड्रॉप्स आणले. घरात सगळ्यांच्या डोक्यात "साडेतीन" पक्कं बसलेलं. मी झोपले होते, सासूबाईंनी रात्री अकराला साडेतीन मिली दिलं आणि पहाटे चारला पुन्हा साडेतीन. ड्रॉपर एक मिलीचा, म्हणून तीनदा पूर्ण आणि एकदा अर्धा भरून, अगदी काळजीने. सकाळी बाटली उचलली तर निम्मी रिकामी. १५ मिलीची बाटली एका रात्रीत निम्मी कशी होईल? तेव्हा कळलं.

कुणाचे असे अनुभव असतील तर लिहा. भाचीला वाचायला देणार आहे.

रेवती७
बाई गं. पुढे काय झालं ते लिही ना आधी!!

अबोली_नाशिक
सॉरी, कुकर लावायला उठले होते. दोन्ही बाटल्या घेऊन तसेच दवाखान्यात गेलो. बाळ खेळत होतं, दूध पीत होतं, म्हणून ह्यांना वाटत होतं उगाच जातोय. रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी परत तपासलं. दोन्ही वेळा लिव्हर ठीक. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांची काही चूक नव्हती हो, त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी केलं.

सोनचाफा
मला तर वाटायचं ड्रॉप्स म्हणजे सौम्य, लहान बाळांचं म्हणून. आणि सिरप मोठ्यांचं म्हणून कडक. उलटं आहे का?? माझी आठ महिन्यांची आहे. ड्रॉप्स संपायला आले की मी थोडे जास्तच देते, सौम्य आहेत म्हणून 😟

बालडॉक्टर_सांगली
सोनचाफा, उलटंच आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडात जास्त औषध मावत नाही, थुंकून टाकतं. म्हणून ड्रॉप्स मुद्दाम दाट केलेले असतात, थोड्यात काम व्हावं म्हणून. आजपासून "थोडे जास्त" बंद करा.

अबोलीताईंचं सहा किलोचं बाळच घेऊ. एका वेळचा डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० ते ९०. १०० च्या ड्रॉप्सचे ते ०.६ ते ०.९ मिली होतात. १२० वाल्या सिरपचे अडीच ते पावणेचार मिली. बाजारात २५० वालं सिरपही मिळतं, त्याचे सव्वा ते पावणेदोन मिली. बाळ एक, ताप एक, मापं तीन. म्हणून मी आता चिठ्ठीवर आधी मिलिग्रॅम लिहितो, मग कुठल्या बाटलीचे किती मिली ते. दुकानात बाटली बदलली तरी मिलिग्रॅम बदलत नाहीत.

त्या रात्री बाळाला ३५० मिलिग्रॅम दोनदा गेलं. एका वेळी एवढ्याने बहुतेकदा लिव्हरला धक्का बसत नाही. भीती असते ती हाच चुकीचा डोस दर चार-सहा तासांनी दोन-तीन दिवस चालू राहण्याची. आणि एक फार फसवं आहे. जास्त गेलेलं बाळ पहिला दिवस अगदी बरं दिसू शकतं. उलटी होईल किंवा होणारही नाही. त्यामुळे "खेळतंय ना, मग बघू" असं करू नका. त्यावर उतारा आहे आणि तो लवकर दिला तर चांगला चालतो. बाटली बरोबर न्या, किती वाजता किती दिलं ते सांगा.

औषधवाला
तालुक्याच्या गावी १९ वर्षं मेडिकल आहे. काउंटरच्या या बाजूचंही ऐका. चिठ्ठीवर नुसतं कंपनीचं नाव आणि पुढे "१ मिली". ड्रॉप्स की सिरप हे लिहिलेलंच नसतं. बाळ समोर असेल तर मी वजन विचारतो, पण न्यायला येतो तो काका नाहीतर शेजारचा मुलगा. त्याला बाळाचं वजनही माहीत नसतं.

दुसरं, ड्रॉपर. लोक बाटली टाकतात आणि ड्रॉपर जपून ठेवतात. प्रत्येक कंपनीच्या ड्रॉपरवरच्या खुणा वेगळ्या असतात. कुठे अर्ध्याची खूण, कुठे फक्त एकची. मी सिरप दिलं तर बरोबर सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज देतो आणि स्केचपेनने रेघ मारतो. इथपर्यंत. पावतीला रबराने बांधून देतो.

रेवती७
दादा स्केचपेनची रेघ धुतल्यावर जाते. माझ्याकडे गेली होती. नेलपेंट लावा.

औषधवाला
नेलपेंट! हे बरं सांगितलंत ताई. बायकोकडून घेतो.

मी_पूर्वा
आमच्याकडे व्हिटॅमिन डी च्या ड्रॉप्सचं हेच झालं. एकात मिलीला ४०० होतं, दुकानदाराने नंतर दिलं त्यात ८००. महिनाभर दुप्पट गेलं. डॉक्टर म्हणाले काही होणार नाही, पण बंद करा पंधरा दिवस. विषय वेगळा आहे माहितीये पण सुचलं म्हणून लिहिलं. अबोली तू नाशिकला कुठे? माझं माहेर पंचवटीतलं.

अबोली_नाशिक
अगं मी सिडकोत! मेसेज करते.

न्यूजर्सीची_आई
आमचा घोळ दोन देशांतला. इथे २०११ पासून बाळांचं आणि मोठ्या मुलांचं पातळ पॅरासिटामॉल एकाच मापाचं झालं, पाच मिलीत १६०. त्याआधी इथेही बाळांचे ड्रॉप्स तिप्पट दाट असायचे आणि लोकांचा असाच गोंधळ व्हायचा. आता बाळांच्या बाटलीबरोबर सिरिंज येते, मोठ्यांच्या बाटलीवर कप. आतलं औषध सारखंच.

आई भारतातून येताना औषधांची अख्खी पिशवी घेऊन आली होती. लेक साडेआठ किलोची, इथल्या खोक्यावरच्या वजनाप्रमाणे ३.७५ मिली. रात्री इथली बाटली संपली म्हणून मी आईने आणलेले ड्रॉप्स काढले. सिरिंज काही त्या बाटलीच्या तोंडावर बसेना, इथल्या बाटलीला वर बूच असतं भोकाचं. तेवढ्यासाठी दिवा लावला म्हणून लेबल वाचलं. एका मिलीत १००. सिरिंज बसली असती तर १२० च्या जागी ३७५ गेलं असतं. इथे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, त्यामुळे दोन्ही वेगळी औषधं समजून एकापाठोपाठ एक देणारेही मी पाहिलेत.

तात्या_कोकण
आमच्या वेळी नर्सबाई गोळीचा पाव तुकडा चुरून आईच्या दुधात द्यायला सांगायच्या. ५०० ची गोळी, पाव म्हणजे १२५. नातवाला सुनेने तसं दिलं नाही, ड्रॉप्सच आणले. मला वाटतं गोळीच बरी, तिच्यात घोळ होत नाही.

बालडॉक्टर_सांगली
तात्या, गोळीचे चार तुकडे सारखे कधी पडतात का? आणि सहा किलोच्या बाळाला १२५ जास्तच आहे. सूनबाईंनी बरोबर केलं.

तात्या_कोकण
ते खरं, एक तुकडा नेहमी मोठा पडायचा. बरं, थेंब मोजून दिले तर? लहानपणी आम्हाला सगळी औषधं थेंबांनीच द्यायचे.

औषधवाला
तात्या, ड्रॉप्स नाव आहे म्हणून थेंब मोजायचे नसतात. ड्रॉपर कसा धरला त्यावर थेंब लहान-मोठा पडतो. खुणेपर्यंत भरायचं. माझ्याकडे एका आजींनी ०.५ मिलीच्या जागी पाच थेंब दिले होते, ताप काही उतरेना म्हणून भांडायला आल्या होत्या.

सोनचाफा
डॉक्टर, मी हिला सर्दीचे ड्रॉप्सपण देते, नाक वाहतं तेव्हा. त्याच्याबरोबर तापाचे चालतील ना?

बालडॉक्टर_सांगली
आत्ता बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे ते दोनदा जातं. शिवाय क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं लेबलवर छापायला सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. आठ महिन्यांच्या बाळाला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत.

सोनचाफा
वाचलं. आहे त्यात. एका मिलीत १२५. मी सकाळी दोन्ही दिले होते.

बालडॉक्टर_सांगली
वजन किती? दोन्ही किती किती मिली दिले, किती वाजता? मेसेजमध्ये लिहा, मी ऑनलाइन आहे. तोवर दोन्हीतलं काहीही देऊ नका.

रेवती७
सोनचाफा, काय झालं ते इथे सांग गं नंतर. मी जागी आहे.

मी_पूर्वा
माझा एक प्रश्न राहिलाच. लस दिल्या दिल्या ताप यायच्या आधीच द्यायचं का? आमच्या नर्सबाई हो म्हणतात, डॉक्टर म्हणतात आला तर द्या.

औषधवाला
यावर माझ्या दुकानात येणाऱ्या दोन डॉक्टरांचंही जमत नाही ताई.

सोनचाफा
डॉक्टरांशी बोलले. वजन ८ किलो, तापाचे ०.८ आणि सर्दीचे ०.५ दिले होते, एकदाच. मिळून १४२ होतात म्हणे. घाबरण्यासारखं नाही, पण आता सहा तास काही द्यायचं नाही आणि सर्दीची बाटली बंद. उलटी झाली किंवा फार सुस्त वाटली तर लगेच न्यायला सांगितलंय. दूध प्यायली आत्ता.

अबोली_नाशिक
हुश्श. भाचीचा फोन होता. तिने मोठी बाटली वरच्या कपाटात टाकली आणि छोटीवर पांढरी पट्टी चिकटवून तारीख, वजन आणि "०.८, ड्रॉपरने" लिहिलंय. मी म्हटलं, वजन वाढलं की पट्टी बदल.